बाटलीवरून हिशेब: बिअर, वाईन आणि व्हिस्कीतला मद्यार्क आणि कॅलरी कशा मोजायच्या

६५० मिलीच्या एका स्ट्राँग बिअरमध्ये जितका मद्यार्क असतो, जवळजवळ तितकाच व्हिस्कीच्या दोन लार्ज पेगमध्ये असतो. ‘आज फक्त एकच बिअर घेतली’ असं वहीत लिहिणारा आणि ‘आज दोन लार्ज झाले’ असं लिहिणारा, दोघांच्या शरीरात त्या संध्याकाळी सारखीच दारू गेलेली असते. ग्लास, बाटल्या किंवा पेग मोजून ठेवलेली नोंद इथेच फसते. काही जण वजन उतरवायचं म्हणून, काही साखर किंवा रक्तदाब म्हणून, तर काही आपण खरंच किती पितो हे एकदा समजून घ्यायचं म्हणून अशी नोंद ठेवू लागतात. त्यांच्यासाठी हा हिशेब आहे. त्याला लागतात दोन आकडे, एक छोटं गणित आणि मापून ओतण्याची सवय.

पहिली पायरी: एकक ठरवा आणि तेच धरून राहा

दारू मोजायच्या एककाला स्टँडर्ड ड्रिंक म्हणतात. ते एका ग्लासाचं नाव नाही, शुद्ध मद्यार्काचं वजन आहे. मात्र हे वजन देशागणिक बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत आणि ऑस्ट्रेलियात एक ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम मद्यार्क. ब्रिटनमध्ये ‘युनिट’ चालतं, ते ८ ग्रॅमचं. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. त्यामुळे लंडनला राहणारा भाऊ आणि न्यू जर्सीतली बहीण एकच बाटली वाटून प्यायले आणि दोघांनी आपापल्या मोबाइलवरच्या ॲपमध्ये नोंद केली, तरी आकडे जुळणार नाहीत. ॲप वापरत असाल तर सर्वांत आधी सेटिंगमध्ये जाऊन ते किती ग्रॅमचं ड्रिंक धरतं ते बघा. देश चुकीचा निवडलेला असेल, तर पुढची सगळी नोंद त्याच प्रमाणात चुकत जाते.

आपल्याकडच्या बाटल्यांसाठी १० ग्रॅमचं एकक सोयीचं, कारण ते आपल्या स्मॉल पेगशी अगदी बरोबर जुळतं. भारतातली बहुतेक व्हिस्की, रम, ब्रँडी, व्होडका ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या ४२.८ टक्के म्हणजे १२.८ मिली मद्यार्क. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असतो, एक मिलीचं वजन ०.७८९ ग्रॅम. गुणून बघितलं की उत्तर येतं १०.१ ग्रॅम. म्हणजे व्हिस्कीचा मापलेला स्मॉल म्हणजे एक ड्रिंक आणि लार्ज म्हणजे दोन. हा एक आकडा पक्का लक्षात राहिला, तर बाकीच्या उत्तरांची तपासणी मनातल्या मनात करता येते.

दुसरी पायरी: बाटलीवरून दोन आकडे घ्या

एक आकडा म्हणजे तुम्ही प्यायलेले मिली, दुसरा म्हणजे लेबलवरची मद्यार्काची टक्केवारी. टक्केवारीपुढे इंग्रजीत v/v लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ती आकारमानाची टक्केवारी आहे, वजनाची नाही. खालचं सूत्र याच टक्केवारीसाठी आहे.

बिअरच्या लेबलवर बऱ्याचदा एकच आकडा नसतो, ‘६ ते ८ टक्के’ किंवा ‘८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असं काहीतरी असतं. अशा वेळी वरचा आकडा धरा. खरा आकडा थोडा कमी असला तर तुमच्या नोंदीत थोडं जास्त लिहिलं जाईल, पण कमी लिहिलं जाणार नाही. नोंद ठेवणाऱ्याला तेच हवं असतं. भारतात ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माईल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. आपल्याकडे दुकानात आणि बारमध्ये जी बिअर मागितली जाते, ती बहुतेक वेळा स्ट्राँगच असते. परदेशी तक्त्यांत मात्र बिअर म्हणजे ५ टक्क्यांची धरलेली असते. ॲपमधून नुसतं ‘बिअर’ निवडलं की आपल्या स्ट्राँगचा मद्यार्क दीडपटीहून जास्त चुकतो, हे ध्यानात ठेवा.

जुन्या बाटल्यांवर, आणि काही नव्या बाटल्यांवरही, प्रूफचा आकडा दिसतो. आपल्याकडचा प्रूफ ब्रिटिश पद्धतीचा आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, म्हणून ७५ प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के. ‘२५ यू.पी.’ असा शिक्का असेल तर तोही याच तीव्रतेचा. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्केवारीच्या बरोबर दुप्पट, तिथली ८० प्रूफची व्हिस्की ४० टक्क्यांची. इथली ७५ प्रूफची बाटली अमेरिकी पद्धतीने निम्मी करून ३७.५ टक्के धरली, तर तुमच्या नोंदीतून दर आठ पेगांमागे एक पेग गायब होतो.

तिसरी पायरी: गणित

मिली गुणिले टक्केवारी, भागिले १२७०. उत्तर १० ग्रॅमच्या ड्रिंकमध्ये येतं. १२७० हा आकडा येतो तो असा: १० ग्रॅम मद्यार्काचं आकारमान १२.७ मिली असतं, आणि टक्केवारी शंभराने भागायची ती यातच धरून टाकली आहे.

६५० मिली स्ट्राँग बिअर, ८ टक्के: ५२०० भागिले १२७०, म्हणजे ४.१ ड्रिंक. तीच बाटली माईल्ड, ५ टक्क्यांची असेल तर २.६. ३३० मिलीची माईल्ड पाईंट १.३. वाईनचा १५० मिलीचा ग्लास १३ टक्क्यांनी १.५, आणि ७५० मिलीची पूर्ण बाटली ७.७. व्हिस्कीची १८० मिलीची क्वार्टर ६.१. ‘वाईन तर हलकी असते’ असं म्हणत दोघांनी एक बाटली जेवताना संपवली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ दोन लार्ज पेगांइतका मद्यार्क येतो.

ब्रिटनमधल्या वाचकांनी १२७० च्या जागी १००० ने भागलं की थेट युनिट मिळतात. अमेरिकेतल्यांनी १७७५ ने भागावं.

मोबाइलवर किंवा संगणकावर तक्ता ठेवायचा असेल, तर B मध्ये मिली, C मध्ये टक्केवारी, D मध्ये ड्रिंक, E मध्ये साखर आणि इतर कर्बोदकांचे ग्रॅम आणि F मध्ये कॅलरी असे रकाने करा. D2 आणि F2 मध्ये ही सूत्रं टाका:

```
=B2*C2/1270
=D2*70+E2*4
```

दुसरी ओळ कॅलरींची आहे. तिच्याकडे येतोच, पण त्याआधी मापाची गोष्ट, कारण गणित कितीही बरोबर असलं तरी मिलीचा आकडा अंदाजाने टाकला तर सगळं वाया जातं.

चौथी पायरी: ओतलेलं माप खरं करा

बारमध्ये पेग मापाने येतो, पण घरी आणि मित्राकडे तो हाताने ओतला जातो. घरच्या ‘लार्ज’चा आकार ओतणाऱ्याच्या मूडवर, ग्लासाच्या रुंदीवर आणि रात्र किती झाली यावर ठरतो. पसरट, रुंद ग्लासात ६० मिली फारच कमी वाटतं, म्हणून हात थांबत नाही. पहिला पेग ६० चा आणि तिसरा ८० चा असा प्रकार जवळजवळ प्रत्येक घरात होतो.

सर्वांत सोपा उपाय ३० आणि ६० मिलीच्या खुणांचा पेग मेझर. तो मिळाला नाही तर सर्दी-खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मिलीच्या खुणांचं छोटं माप धुऊन वापरा. रोजचा ग्लास ठरलेला असेल तर त्यात एकदा ६० मिली पाणी मापून ओता आणि त्या पातळीवर बाहेरून चिकटपट्टीची बारीक रेघ लावा. वाईनच्या ग्लासातही असंच १५० मिलीवर. त्या मोठ्या फुग्याच्या ग्लासात १५० मिली तळाशीच राहतं. ‘अर्धा ग्लास’ असं ज्याला म्हणतात, ते अनेकदा अडीचशे मिली निघतं.

स्वयंपाकघरात डिजिटल वजनकाटा असेल, तर तो सगळ्यांत नेमका. रिकामा ग्लास काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि मग ओता. ४२.८ टक्क्यांची दारू पाण्यापेक्षा थोडी हलकी असल्याने ६० मिलीचं वजन ५७ ग्रॅमच्या आसपास येतं, ३० मिलीचं २८. वाईन आणि बिअरसाठी एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरलं तरी चालतं. बर्फ, सोडा, पाणी हे सगळं वजन केल्यावर घालायचं.

पाण्याबद्दल एक गैरसमज बराच दिसतो. पेगमध्ये भरपूर पाणी किंवा सोडा घातला की तो ‘हलका’ झाला असं म्हणतात. घोट सौम्य होतो, पण ग्लासातले मद्यार्काचे ग्रॅम तेवढेच राहतात. नोंदीत लिहायचे मिली हे दारूचे, मिसळलेल्या पूर्ण ग्लासाचे नाहीत.

मित्रांबरोबर एकाच बाटलीतून पिताना कोण कुणाला किती ओततो याचा पत्ता लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे बाटलीवर सुरुवातीची आणि शेवटची पातळी बघून संपलेले मिली पिणाऱ्यांत वाटणं. चौघांनी ७५० चा खंबा संपवला तर प्रत्येकी १८७ मिली, म्हणजे सहा ड्रिंकांहून थोडं जास्त. एखादा कमी प्यायला असेल तर बाकीच्यांचा आकडा वर जातो, खाली नाही.

गोव्यात मार्च ते मे उर्राक निघते. ती बऱ्याचदा लेबल नसलेल्या बाटलीतून येते. काजूच्या रसाचं पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केल्यावर मिळणारी ती दारू, फेणीपेक्षा बरीच सौम्य. लोक तिची तीव्रता साधारण १५ टक्के सांगतात, पण प्रत्येक भट्टीची वेगळी निघते. वहीत २०० मिलीला २.४ ड्रिंक लिहा आणि पुढे ‘अंदाज’ असा शेरा मारा. बाटलीबंद फेणीचा प्रश्न नाही, तिच्या लेबलवर टक्केवारी असते. गावठी हातभट्टीची मात्र नोंदच करता येत नाही. तिची तीव्रताही कळत नाही आणि तिच्यात मिथेनॉल आहे का हेही डोळ्यांनी किंवा वासाने ओळखता येत नाही. ती टाळावी, एवढंच तिच्याबद्दल सांगता येतं.

पाचवी पायरी: कॅलरी दोन भागांत मोजा

मद्यार्काच्या एका ग्रॅममधून सुमारे ७ कॅलरी मिळतात. तेलातुपाच्या ९ असतात, साखरेच्या आणि पिठाच्या ४. म्हणजे १० ग्रॅमच्या एका ड्रिंकमागे ७० कॅलरी ठरलेल्याच. हा पहिला भाग, आणि तो कोणत्याही पेयाला सारखाच लागू पडतो. व्हिस्कीचा असो की वाईनचा, मद्यार्क एकच.

दुसरा भाग साखर आणि इतर कर्बोदकांचा. व्हिस्की, व्होडका, साधी रम यांच्यात तो नसल्यात जमा, कारण ऊर्ध्वपातनात साखर मागेच राहते. म्हणून ६० मिलीच्या लार्जच्या कॅलरी १४० च्या आसपास आणि क्वार्टरच्या ४२५. गडद रम गोड लागते म्हणून तिच्यात साखर भरपूर असेल असं वाटतं, पण तो रंग आणि गोडसर वास बहुतेक कॅरॅमलचा असतो.

बिअरमध्ये न आंबलेली कर्बोदकं उरतात, १०० मिलीला साधारण ३ ते ४ ग्रॅम. ६५० मिलीच्या माईल्ड बाटलीत मद्यार्काच्या १८० आणि कर्बोदकांच्या ९० धरून सुमारे २७० कॅलरी होतात. स्ट्राँगमध्ये मद्यार्काच्याच २८७ होतात, कर्बोदकं धरून आकडा ४०० च्या जवळ पोहोचतो. दोन-अडीच तेल न लावलेल्या भाकरींइतका. सुक्या वाईनच्या १५० मिलीच्या ग्लासात १२५ च्या आसपास. गोड पोर्ट मात्र वेगळी: तिच्यात १०० मिलीला दहा-बारा ग्रॅम किंवा त्याहून जास्त साखर असू शकते, आणि फळांच्या चवीच्या रंगीत बाटल्यांचंही तसंच. त्या बाटल्यांत मद्यार्क जेमतेम एका ड्रिंकचा असतो, पण साखरेमुळे कॅलरी दीडशेच्या पुढे जातात.

भारतात बाटलीवर कॅलरी सहसा छापलेल्या नसतात, त्यामुळे कर्बोदकांचा आकडा कुठेतरी अंदाजाने घ्यावाच लागतो. तो पन्नासएक कॅलरींनी चुकला तरी फार बिघडत नाही. मद्यार्काचा भाग मोठा असतो आणि तो तुम्ही लेबलवरून नेमका काढलेला असतो.

खरी भर पडते ती मिसळण्यातून आणि चखण्यातून. सोडा आणि पाणी शून्य. कोल्ड्रिंकच्या १०० मिलीत १० ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे ४० च्या वर कॅलरी. टॉनिक वॉटर कडवट लागतं, म्हणून ते सोड्यासारखंच असेल असं अनेकांना वाटतं, पण साध्या टॉनिकमध्ये कोल्ड्रिंकपेक्षा थोडीच कमी साखर असते. टॉनिकच्या बाटलीवर पोषणमूल्यांचा तक्ता असतो, तो एकदा वाचा. शेंगदाण्यांच्या ५० ग्रॅमच्या बशीत २८० ते २९० कॅलरी, फरसाण आणि चिवड्यातही साधारण तेवढ्याच. चखण्याची बशी पुन्हापुन्हा भरली जाते, म्हणून वाटीत काढताना ग्रॅम मोजून काढा. पॅकेटमधून हात घालून खाल्लेलं कुणालाच आठवत नाही.

एक संध्याकाळ, पूर्ण हिशेबासह

समजा पुण्यात शनिवारी कुणी आधी मित्राबरोबर बारमध्ये ६५० मिलीची एक स्ट्राँग बिअर घेतली. नंतर घरी येऊन मोजलेले दोन लार्ज, प्रत्येकात १५० मिली कोल्ड्रिंक. सोबत ५० ग्रॅम मसाला शेंगदाणे. जुन्या पद्धतीने वहीत लिहिलं असतं: ‘३ ड्रिंक’.

बिअरचे ४.१ ड्रिंक. १२० मिली व्हिस्कीचे, ४२.८ टक्क्यांनी, ४.०. एकूण ८.१, म्हणजे ८१ ग्रॅम मद्यार्क. ब्रिटिश पद्धतीने ही संध्याकाळ दहा युनिटांच्या पुढे जाते. तिथल्या आरोग्य खात्याने २०१६ पासून सांगितलेली पूर्ण आठवड्याची मर्यादा १४ युनिट आहे, म्हणजे आपल्या एककात सुमारे ११ ड्रिंक, आणि तीही तीन-चार दिवसांत विभागून. आठवड्याचा तीनचतुर्थांश भाग एका शनिवारी संपला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं की आरोग्याला धोका नाही असं कोणतंच प्रमाण नाही, त्यामुळे हा ११ चा आकडा सुरक्षिततेची हमी म्हणून वाचू नका.

कॅलरी: बिअरच्या साधारण ३९०, व्हिस्कीच्या २८०, ३०० मिली कोल्ड्रिंकच्या १२५, शेंगदाण्यांच्या २९०. बेरीज १०८५. जेवण यात धरलेलंच नाही. याच संध्याकाळी कोल्ड्रिंकऐवजी सोडा आणि शेंगदाण्यांऐवजी काकडी-गाजर घेतलं असतं, तर जवळजवळ चारशे कॅलरी कमी झाल्या असत्या, पण मद्यार्क तेवढाच, ८१ ग्रॅम, राहिला असता. कॅलरी उतरल्या म्हणून यकृताचं काम कमी होत नाही, म्हणून हे दोन आकडे नेहमी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

नोंद लगेच करा, प्रत्येक ग्लास भरल्याबरोबर. तिसऱ्या-चौथ्या ड्रिंकनंतर मोजण्याची इच्छाही राहत नाही आणि आठवणही. सकाळी उठून लिहिलेला आकडा जवळजवळ नेहमी कमी निघतो. महिन्याच्या शेवटी रिकाम्या बाटल्यांवरून किंवा दुकानाच्या बिलांवरून एकदा उलट बेरीज करून बघा. खरेदी २१०० मिली आणि वहीत १५००, पाहुण्यांना दिलेलं वजा करूनही असा फरक पडत असेल, तर तुमचा पेग ६० चा नसून मोठा आहे किंवा काही संध्याकाळी लिहायच्या राहिल्या आहेत.

हिशेब कुठे वापरायचा नाही

रात्री प्यायचं म्हणून दुपारचं जेवण सोडून कॅलरी ‘वाचवणं’ हे फार घातक. रिकाम्या पोटी मद्यार्क रक्तात भराभर चढतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर तर पिण्यानंतर बऱ्याच तासांनी, अगदी पहाटेसुद्धा, धोकादायक खाली जाऊ शकते. तेव्हा येणारा घाम, थरथर आणि बोलण्यातली असंबद्धता घरच्यांना नशाच वाटते. अशा माणसाने जेवूनच घ्यावं, आणि आपण किती पितो तो ग्रॅममधला आकडा डॉक्टरांना सांगावा. ‘कधीतरी दोन पेग’पेक्षा तो त्यांच्या खूप जास्त कामाचा असतो.

या आकड्यावरून गाडी चालवायची की नाही हेही ठरवू नका. शरीर तासाला साधारण एका ड्रिंकइतका मद्यार्क वापरतं, पण हा वेग माणसागणिक बदलतो. वरच्या उदाहरणातल्या माणसाच्या शरीरात रविवारी सकाळीही दारू शिल्लक असू शकते.

आणि नोंद ठेवायला लागल्यावर रोजचे आठ-दहा ड्रिंक निघाले, सकाळी हात थरथरतात, घाम येतो, पहिल्या पेगशिवाय बरं वाटत नाही असं दिसलं, तर घाबरून एका दिवसात सगळं बंद करू नका. अचानक थांबवल्याने फिट येऊ शकते आणि ती जीवघेणी ठरू शकते. वही घेऊन डॉक्टरांकडे जा, किंवा केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाईनला १४४४६ वर फोन करा. औषधांच्या आधाराने दारू सुरक्षितपणे सोडता येते, आणि पहिल्या भेटीत डॉक्टर विचारतील तेच तुमच्या वहीत आधीच लिहिलेलं असेल: रोज किती मिली, किती टक्क्यांची, आणि शेवटचा पेग कधी.